शर्यतीआधी कानात काय वाजावं

स्पर्धेचा आठवडा आला की मुलांच्या फोनवर गाण्यांच्या याद्या फिरायला लागतात. कुणी थोरल्या भावाकडून घेतलेली असते, कुणी जिममधल्या ओळखीच्याकडून, कुणाला ती आपोआप समोर आलेली असते. फोंड्यात मी शाळकरी मुलांना धावण्याचा सराव देते, त्यामुळे अशा बऱ्याच याद्या माझ्या कानांवरून गेल्या आहेत. जवळजवळ सगळ्या एकाच साच्याच्या असतात: धडधडता ठेका, वर चढत जाणारा आवाज आणि ‘आता नाही तर कधीच नाही’ या अर्थाचे शब्द. वजनं उचलताना किंवा चढावर सराव करताना ही गाणी उपयोगी पडतात, ते मी पाहिलं आहे. पण धावपट्टीवर उतरण्याआधीचा तास वेगळा असतो, आणि तीच यादी त्या तासात एखाद्या मुलीचं चक्क नुकसान करू शकते.

कारण अगदी साधं आहे. शरीर कामाला जुंपलेलं असतं तेव्हा गाणं लक्ष थकव्यावरून काढून घेतं. दम लागलाय, पोटऱ्या भरून आल्यात, हे थोडा वेळ मागे पडतं. शर्यतीआधी थकवा नसतोच. शरीर रिकामं बसलेलं असतं, मन त्याहून रिकामं, आणि गाण्यातला प्रत्येक शब्द त्या रिकाम्या मनात थेट जाऊन पडतो. तो शब्द हरण्या-जिंकण्याचा असेल, तर मुलगी हरण्या-जिंकण्याचाच विचार करत बसते.

‘टेन्शन आलंय’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि क्रीडा मानसशास्त्रात त्या फार पूर्वीच वेगळ्या केल्या गेल्या आहेत. एक शरीराची: छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात कालवतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं. दुसरी मनाची: ‘मागे पडले तर’, ‘बाबा बघायला आलेत’, ‘ती पणजीची मुलगी किती जोरात पळते’. शरीराची जाग धावणाऱ्याला हवीच असते, तिच्याशिवाय पाय उचलत नाहीत. मनातली काळजी मात्र फारशा कुणाच्या कामी येत नाही. ठेका आणि गती प्रामुख्याने शरीरावर काम करतात, तर शब्द आणि गाण्याला चिकटलेल्या आठवणी मनावर. म्हणून एकच गाणं शरीराला हवं ते देऊन मनाला नको ते देऊ शकतं. याद्या करणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही, कारण ते फक्त ठेका ऐकतात.

आमच्याकडे चारशे मीटर पळणारी एक मुलगी आहे, दहावीतली. तिचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण चारशे मीटर ही अशी शर्यत आहे की डोक्यात काय चाललं होतं ते घड्याळावर उमटतं. शंभर मीटरवाला जास्त चढलेल्या अवस्थेत सुटला तरी बारा-तेरा सेकंदांत सगळं आटोपतं. चारशेत मात्र पहिल्या दोनशे मीटरमध्ये केलेली उधळपट्टी शेवटच्या शंभरात वसूल केली जाते. पाय जड होतात, खांदे कानांपर्यंत चढतात, पावलं आखूड पडतात. नीट पळलेल्या शर्यतीतही दुसरं दोनशे पहिल्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी हळू असतं, ते ठीकच आहे. फरक सात-आठ सेकंदांवर गेला की समजावं, सुटतानाच काहीतरी बिघडलं होतं.

सरावात ही मुलगी ६४ सेकंदांच्या आसपास पळायची, पहिलं दोनशे ३०.५ ते ३१ मध्ये. तालुका पातळीवरच्या स्पर्धेत मी हातातल्या घड्याळावर तिचं पहिलं दोनशे टिपलं, २९ सेकंद. दुसऱ्याला ३७ लागले. एकूण ६६. शेवटच्या वळणानंतर दोन मुली तिला मागे टाकून गेल्या. खाली बसून ती म्हणाली, “टीचर, मला वाटलं मी आरामात सुटले.” तिला खरोखरच तसं वाटलं होतं. अंग जास्त चढलेलं असलं की वेगाचा अंदाजच चुकतो, २९ चा वेग ३१ सारखा वाटतो.

त्याआधीचा अर्धा तास ती झाडाखाली इअरफोन लावून बसली होती. काय ऐकत होतीस, म्हणून विचारलं. तिने फोन दिला. पहिला ट्रॅक मोठ्या आवाजातल्या भाषणाचा होता, मागे ढोल, आणि एक माणूस ओरडून सांगतोय की तुझ्या आईबापांनी तुझ्यासाठी काय काय सोसलं ते आठव. दुसरा सिनेमाच्या धाटणीचा, ज्यात खेळाडू आधी पडतो, रक्तबंबाळ होतो आणि मग उठतो. तिसऱ्यात शब्द कमी होते, पण ठेका थांबतो, एक लांब चढता सूर येतो आणि मग धाडकन सगळं कोसळतं, तेही पुन्हा पुन्हा. हे तिन्ही एकामागोमाग ऐकून ती धावपट्टीवर गेली होती.

या तिन्ही ट्रॅकची कुंडली मांडून बघण्यासारखी आहे, कारण त्रास देणारी बहुतेक गाणी या तीनपैकी एका जातीची असतात.

पहिल्यात दोष शब्दांचा. आईवडिलांचे कष्ट आठवणं यात वाईट काही नाही, पण स्टार्टच्या वीस मिनिटं आधी ती आठवण म्हणजे कर्ज होऊन बसते. शर्यत आता चारशे मीटरची राहत नाही, घरच्यांच्या उपकारांची परतफेड होते. मुलीचे वडील फर्मागुडीच्या चढावर सकाळी सहाला स्कूटर घेऊन तिच्या मागे येतात, तिला ते माहीत आहे, कुणी ओरडून सांगायची गरज नाही. ‘जिंकूनच ये’, ‘हरलास तर संपलास’, ‘दुनियेला दाखवून दे’, या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे: ते निकालाबद्दल बोलतात. निकाल आठ जणींच्या हातात असतो. आपल्या हातात फक्त आपलं पहिलं दोनशे असतं.

दुसऱ्यात दोष गोष्टीचा. आधी हार, मग जिद्द, मग विजय. ऐकणारा नकळत तो सगळा प्रवास मनात करतो, आणि त्यात पडण्याचा प्रसंगही जगतो. ज्याला अजून पळायचं आहे त्याने त्या वेळी पडण्याचं चित्र कशाला पाहावं? यातच आणखी एक पोटजात आहे, जुन्या हारेला चिकटलेलं गाणं. एखाद्या मुलाने मागच्या वर्षी स्पर्धेआधी जे ऐकलं आणि मग वाईट कामगिरी केली, ते गाणं कितीही चांगलं असलं तरी पहिल्या चार सुरांतच ती दुपार परत आणतं. गाणं शफलवर ठेवू नये, त्याचं हे एक कारण. नको ते कधी येऊन थडकेल, सांगता येत नाही.

तिसऱ्यात दोष बांधणीचा. सूर चढतो, थांबतो, कोसळतो. नाचताना त्या थांबण्यातच मजा असते, कारण पुढच्या क्षणी अंग मोकळं होतं. बसलेल्या माणसाला मोकळं व्हायला जागाच नसते. चढलेलं सगळं आत साठत जातं. हा ट्रॅक ऐकताना तिचा जबडा आवळलेला असायचा आणि मुठी मिटलेल्या, हे नंतर सरावात तिच्या शेजारी बसून मी पाहिलं. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं.

साहजिकच कुणीही म्हणेल की मग शांत गाणं लावा. तिच्या आईने तेच सुचवलं, आणि सरावातल्या एका वेळ लावून पळायच्या दिवशी मुलीने बासरीचं संथ वादन ऐकून पाहिलं. पहिलं दोनशे ३३ मध्ये. अंग झोपलेलं, आणि गंमत अशी की काळजी तेवढीच. संथ, शब्द नसलेल्या संगीतात मनाला भरपूर मोकळी जागा मिळते, आणि काळजी करायची सवय असलेलं मन ती जागा लगेच भरून काढतं. रात्री झोपण्याआधी किंवा दोन शर्यतींच्या मधल्या विश्रांतीत असं संगीत उत्तम. पळायच्या तोंडावर चारशेवालीला ते पुरत नाही.

यावर एक प्रयोग मला फार आवडतो, त्यात गाणंच आहे म्हणूनही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लोकांना अनोळखी माणसांसमोर कॅराओकेवर गायला लावलं. गाण्याआधी काहींना म्हणायला सांगितलं, ‘मी घाबरलेय’, काहींना ‘मला उत्साह वाटतोय’. उत्साह म्हणणारे जास्त चांगले गायले. भाषणाच्या वेळी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांशी तुलना केली, तिथेही उत्साह म्हणणारेच सरस ठरले. धडधडणारी छाती पाच मिनिटांत शांत करणं अवघड, पण त्याच धडधडीचा अर्थ बदलणं त्या मानाने सोपं. शरीर जागंच राहू द्यायचं, फक्त त्या जागेपणाला भीतीऐवजी हुरूप म्हणायचं. आम्हाला गाणंही तसंच हवं होतं, अंग जागं ठेवणारं आणि शब्दांनी मनाला ओरबाडणार नाही असं.

असं गाणं शोधायला नाडी मोजून फारसं हाती लागत नाही, कारण भीतीने आणि उत्साहाने नाडी सारखीच वाढते. शिवाय घरी बसून गाणं ऐकलं तर फरक पडतो तो काही ठोक्यांचाच. म्हणून मी मुलांना दोन आकडे द्यायला सांगते, दोन्ही शून्य ते दहा. पहिला, अंग किती जागं आहे. दुसरा, मन किती कुरतडतंय. गाणं ऐकण्याआधी दोन्ही लिहायचे, पूर्ण गाणं बसून ऐकायचं, मग पुन्हा लिहायचे. आणि एका वाक्यात, गाणं चालू असताना डोक्यात काय आलं. हे एका बैठकीत दोन गाण्यांपेक्षा जास्त करायचं नाही, नाहीतर पहिल्या गाण्याचा असर दुसऱ्यावर सांडतो. आणि कठीण सरावाच्या आधी करायचं, घरी सोफ्यावर नाही, कारण मनात थोडीतरी खरी धाकधूक असल्याशिवाय गाण्याचा खरा गुण कळत नाही.

तिच्या वहीत भाषणाच्या ट्रॅकपुढे होतं: अंग ५ वरून ९, मन ४ वरून ८, ‘बाबांचा चेहरा आला’. बासरीपुढे: अंग ५ वरून ३, मन ४ वरून ४, ‘पणजीच्या मुलीचे स्पाइक्स आठवले’. तिला कोणत्या आकड्यांना चांगलं पळता येतं तेही सरावाच्या वेळांशी ताडून दिसत गेलं. अंग ६-७, मन ३ च्या खाली. हा तिचा पट्टा, दुसऱ्याचा निराळा असेल. युरी हानिन या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट मांडली: सगळ्या खेळाडूंसाठी योग्य अशी एकच पातळी नसते, प्रत्येकाचा स्वतःचा पट्टा असतो आणि तो त्याच्या चांगल्या-वाईट कामगिऱ्या बघूनच सापडतो.

मग ती एक दिवस म्हणाली, “टीचर, चवथीतली आरती चालेल?”

तिच्या घरी, सावईवेऱ्याच्या बाजूला, गणपतीत घुमट आरती होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: घुमट म्हणजे मातीचं वाद्य, माठासारखं, एक तोंड मोठं आणि एक लहान. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड हाताने झाकत-उघडत आवाज खोल-उथळ करायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता त्यावर बंदी आहे, बकरीचं लावतात. जोडीला काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि काशाची जड कासाळं. शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या मराठी आरत्यांचे, पण ठेका असा की अंगणातला म्हाताराही पाय हलवल्याशिवाय राहत नाही. तिच्या फोनवर मागच्या चवथीचं रेकॉर्डिंग होतं. घुमटावर काका, कासाळं चुलत भावाच्या हातात, आणि आवाजांत तिचा स्वतःचाही आवाज, आजीच्या शेजारून.

खेळ आणि संगीत या विषयावर लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात वर्षानुवर्षं काम केलेल्या कॉस्टास कारागिओर्गिस यांनी गाणं खेळाडूला कशाने चेतवतं याची चार अंगं सांगितली आहेत: ठेक्याला शरीराने दिलेला प्रतिसाद, चाल आणि सुरावट, आपल्या समाजात त्या संगीताचं असलेलं स्थान, आणि त्याला जोडलेल्या आठवणी. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत खेळाडूंकडून गाण्यांना गुण देऊन घेण्याची प्रश्नावलीही तयार केली. ही चार अंगं समोर ठेवली की आमच्या मुलीची आरती चारही ठिकाणी बसते, आणि भाषणाचा ट्रॅक ज्या ठिकाणी नडला तिथे तर ती नेमकी वेगळी आहे. आरतीचे शब्द तिच्याबद्दल नाहीत. ते देवाचं रूप सांगतात, मागणं मागतात, आणि लहानपणापासून इतके पाठ आहेत की अर्थाकडे लक्ष जातच नाही, जीभ आपोआप म्हणते. पाठ असलेले शब्द मनाची मोकळी जागा व्यापतात आणि तिथे निकाल येऊन बसू शकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. शब्द नसलेलं संगीत नव्हे, आणि डोक्यावर बसणारे शब्दही नव्हेत. तोंडपाठ, आपल्याविषयी काहीही न सांगणारे शब्द.

वहीत आकडे आले: अंग ५ वरून ८, मन ४ वरून २. ‘काका हसत होते.’

मन झकास, पण अंग थोडं जास्तच. पुन्हा ऐकताना कारण लक्षात आलं. घुमट आरती संथ सुरू होते आणि शेवटाकडे चढत जाते. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मांडीवर हाताने मोजून चारने गुणलं, कुणालाही करता येतं. सुरुवातीला मिनिटाला ७२ च्या आसपास, मधल्या भागात शंभरच्या थोडं वर, आणि शेवटी घुमट, शामेळ, कासाळं सगळी एकदम धावतात तेव्हा १४० च्या पुढे. देवासमोर उभ्या असलेल्या माणसांना तो शेवट हवाच असतो, त्यानंतर सगळे ओरडून जयघोष करतात आणि मोकळे होतात. बसलेल्या मुलीच्या बाबतीत तो शेवट तिसऱ्या ट्रॅकसारखाच वागतो, अंगात साठून राहतो. म्हणून तिच्या भावाने ते रेकॉर्डिंग कापलं. संथ सुरुवात पूर्ण, मधला स्थिर भाग पूर्ण, आणि चढायला लागतं तिथे आवाज हळूहळू कमी करत बंद. साडेतीन मिनिटं उरली. पुढच्या खेपेला आकडे ७ आणि २ आले.

आवाजाची पातळी ही आणखी एक बाब. तेच गाणं मोठ्या आवाजात अंग जास्त चढवतं, आणि गर्दीच्या मैदानात मुलं आवाज वाढवतच नेतात. शेजारी बसलेल्याने साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे, एवढंच माप मी दिलं. कानांसाठी ते बरंच, शिवाय पुकाराही ऐकू येतो.

पुकारा चुकणं ही खरीच अडचण आहे, आणि गाण्याचं वेळापत्रक त्याभोवतीच बांधावं लागतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स पाण्यात उतरण्याच्या काही क्षण आधीपर्यंत कानात हेडफोन घालून उभा असलेला सगळ्यांनी पाहिला, आणि तेव्हापासून मुलांना वाटतं की गाणं शेवटच्या सेकंदापर्यंत चालतं. ॲथलेटिक्समध्ये तसं नसतं. स्पर्धेच्या क्षेत्रात फोन, इअरफोन, अशी उपकरणं न्यायला जागतिक नियमांतच मनाई आहे. शर्यतीआधी धावणाऱ्यांना जमवतात त्या कॉल रूमला हजेरी लागली की फोन बाहेर. तिथून पुढे नंबर लावणं, स्पाइक्स तपासणं, रांगेत बसणं यात वीस मिनिटं, कधी अर्धा तासही जातो. म्हणजे गाण्याने मिळवून दिलेली अवस्था गाण्याशिवाय अर्धा तास टिकवायची असते. जिने शर्यतीआधी सगळा भरवसा कानातल्या आवाजावर ठेवला, तिची काळजी कॉल रूममध्ये दुप्पट होऊन परत येते.

यासाठी आम्ही गाण्याच्या आधी शेवट ठरवला. बांबोळीच्या मैदानावर राज्य पातळीची स्पर्धा होती. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं ॲथलेटिक्स झालं तेच मैदान, पठारावरचं, दुपारनंतर वारा सुटणारं. फोंड्याहून तासाभराच्या प्रवासात तिला हवं ते ऐकायची मोकळीक होती, एकच अट, भाषण नाही. मैत्रिणीबरोबर इअरफोनचं एकेक टोक कानात घालून ती सिनेमातली गाणी ऐकत, गुणगुणत आली. अंतिम शर्यतीच्या सव्वा तास आधी इअरफोन काढून वॉर्मअप सुरू. हलकं धावणं, ड्रिल्स, मग साठ-साठ मीटरच्या तीन स्ट्राइड्स, म्हणजे वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा. या वेळात कानात काही नको, कारण पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. चढलेल्या मुलीचा पाय आपटतो, ते तिचं तिलाच ऐकू येतं. वॉर्मअपनंतर सावलीत बसून कापलेली आरती एकदाच. दुसऱ्यांदा नाही. फोन माझ्याकडे.

कॉल रूमसाठी तिच्याकडे आरतीची फक्त संथ सुरुवात होती, मनातल्या मनात. शेवटचं ऐकलेलं गाणं डोक्यात घोळत राहतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. तो इथे मुद्दाम कामाला लावायचा. मांडीवर बोटाने तोच ७२ चा ठेका धरायचा, चार ठोके श्वास आत, सहा ठोके बाहेर. त्या गतीने मिनिटाला साधारण सात श्वास होतात. बाहेर सोडणं लांब असलं की खांदे आपोआप खाली येतात. स्टार्टर बोलवेल तेव्हा ठेका सोडून द्यायचा. ठेक्यावर पळायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही. चारशेत पावलं सेकंदाला तीनाहून जास्त पडतात, त्यांच्या जोडीला बसेल असं गाणं शोधण्यात अर्थ नाही.

ब्लॉकच्या मागे उभी असताना मी दुरून तिचे हात बघत होते. मोकळे होते. पहिलं दोनशे ३०.८, दुसरं ३३.४. हाताच्या घड्याळात दोन-तीन दशांशांची चूक धरूनही शर्यतीचा आकार नीट होता. अंतिम फेरीत ती चौथी आली, पहिल्या तिघी तिच्यापेक्षा खरोखरच वेगवान होत्या. तिच्या वेळेत गाण्याचा वाटा किती आणि मधल्या महिन्यांच्या सरावाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मी काढणारही नाही. मला त्या दिवशी हवं होतं ते फक्त पहिलं दोनशे.

त्याच दिवशी सकाळी प्राथमिक फेरी होती, त्यामुळे मधले चार तास हाही प्रश्न होता. तेव्हा बासरी उपयोगी पडली. फेरी संपल्यावर चालून, पाणी पिऊन, थोडा भात खाऊन ती चटईवर आडवी झाली आणि संथ वादन लावलं. तेव्हा अंग ३ वर आलेलं चालणार होतं. आरती मात्र प्राथमिक फेरीच्या आधी लावली नव्हती, आणि त्या आठवड्यात सरावातही नाही. रोज ऐकलेलं गाणं बोथट होतं. तिची फेरी सोपी होती, तिथे तिला मैत्रिणींच्या गप्पाच पुरल्या.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. मूल स्पर्धेच्या आदल्या रात्री झोपतच नसेल, दर वेळी उलट्या होत असतील, किंवा मैदानाचं नाव काढताच रडू येत असेल, तर ते गाणी बदलून सुटणारं नाही. शाळेच्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला, आणि त्या काळात स्पर्धा थोड्या कमी करा.

आमच्या गटातला लांब उडीवाला मुलगा याच्या अगदी उलट्या टोकाचा आहे. त्याला काळजी शिवत नाही, पण अंगही जागं होत नाही. पहिली उडी तो नेहमी अर्ध्या झोपेत मारतो, तिसऱ्या उडीला कुठे पाय लागतात. मुलीची कापलेली आरती ऐकून तो म्हणाला, “टीचर, हिने चांगला भाग तर काढूनच टाकलाय.” त्याच्यासाठी तोच चांगला भाग ठेवला आहे, घुमट धावायला लागतात तिथून जयघोषापर्यंत, आणि ऐकायचा तो उभं राहून, उड्या मारत. त्याच्या वहीत अंग ४ वरून ७ गेलं. मन आधी १ होतं, नंतरही १. पहिल्या उडीला पाय उडी घ्यायच्या पट्टीवर पडतो का, ते पुढच्या स्पर्धेत बघायचं आहे.